पैसे हप्त्याने आले तर आधी कोणाला? : अतिरिक्त भांडवल पद्धत, पुसेगावच्या एका दुकानाच्या हिशोबातून



बारावीच्या 'पुस्तपालन व लेखाकर्म' मध्ये भागीदारी संस्थेचे विसर्जन हे प्रकरण आपण सगळेच शिकवतो. त्यात संस्था एका दिवशी बंद होते, त्याच दिवशी सगळी मालमत्ता विकली जाते, देणी फिटतात आणि रोख खातं जुळतं. मुलांना ते आवडतं, कारण उत्तर जुळलं की गणित संपलं.

बी.कॉम.ला गेल्यावर याच प्रकरणाचा पुढचा भाग येतो. तिथे मालमत्ता एकदम विकली जात नाही. आज थोडे पैसे येतात, दोन महिन्यांनी थोडे येतात, काही येतच नाहीत. आलेले पैसे शेवटपर्यंत अडवून ठेवायचे नसतात, ते आल्या आल्या वाटायचे असतात. याला हप्त्याहप्त्याने रोखीचं वाटप म्हणतात. ते करण्याची एक पद्धत म्हणजे अतिरिक्त भांडवल पद्धत, म्हणजेच पुस्तकातली सरप्लस कॅपिटल पद्धत. मुलं तक्ता पाठ करतात, पण तो तसा का करायचा हे विचारलं की गप्प बसतात. मला स्वतःला ही पद्धत खऱ्या अर्थानं पटली ती आमच्या पुसेगावातल्या एका दुकानाच्या हिशोबात. (हे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं साताऱ्याकडचं पुसेगाव वेगळं.) त्या दुकानाचाच हिशोब आज मांडतो. नावं देत नाही आणि आकडे गोल केले आहेत.

दुकान आणि तीन भागीदार

दुकान खत-बियाणे-औषधांचं, म्हणजे कृषी सेवा केंद्र. भागीदार तिघे. थोरले दिवसभर गल्ल्यावर बसायचे, म्हणून नफ्यात त्यांचा हिस्सा सगळ्यात मोठा. मधले माल आणणं-पोचवणं बघायचे. धाकटे नोकरी करत होते, त्यांनी फक्त पैसा घातला होता. नफा-तोट्याचं प्रमाण ३:२:१ असं ठरलेलं.

धाकटे अचानक वारले. भागीदारी करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूनं संस्था विसर्जित होते. करारात काही नव्हतं. धाकट्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, आता त्यांच्या जागी हिशोबाला बसल्या. दोन मुलं शिकत होती आणि शाळा उघडायला महिना राहिला होता.

त्या दिवशीचा ताळेबंद असा होता. भांडवल : थोरले ४,२०,०००, मधले ३,८०,०००, धाकटे २,९०,०००. सामान्य राखीव निधी ६०,०००. मधल्यांनी दुकानाला दिलेलं कर्ज ६०,०००. खत-बियाण्याच्या वितरकांची देणी २,००,०००. एकूण १४,१०,०००.

दुसऱ्या बाजूला रोख ३०,०००, माल ४,००,०००, काटा-रॅक वगैरे ८०,०००, पिकअप गाडी २,२०,००० आणि शेतकऱ्यांकडची उधारी ६,८०,०००. तीही बेरीज १४,१०,०००.

उधारीचा आकडा बघा. जवळपास निम्मी मालमत्ता वहीत अडकलेली होती. आमच्याकडे उधारी दोनदा फिटते. एकदा दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकल्यावर, आणि ज्यांच्याकडे हळद आहे त्यांची मार्च-एप्रिलमध्ये हळद शिजवून, वाळवून बाजारात गेल्यावर. मधल्या काळात तुम्ही कितीही चकरा मारा, हातात काही पडत नाही. म्हणजे हा हिशोब वर्षभर चालणार हे पहिल्याच दिवशी दिसत होतं.

तिघांची तीन मतं

मी कॉमर्सचा सर, म्हणून वही घेऊन तिघंही घरी आले. वितरकांची देणी आधी द्यायची यावर वाद नव्हता. त्यानंतर मधल्यांचं कर्ज द्यायचं, हेही पटलं. भागीदारी कायदा १९३२ चं कलम ४८ हाच क्रम सांगतं : आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारानं भांडवलाशिवाय दिलेली उचल, मग भांडवल, आणि काही उरलंच तर ते नफ्याच्या प्रमाणात.

वाद भांडवलावर आला. थोरले म्हणाले, "सर, भांडवल सगळ्यात जास्त माझं, हिस्सा सगळ्यात मोठा माझा. मग पैसे आधी मला कामून नाही?" मधल्यांचं म्हणणं होतं, "येतील तसे तीन, दोन, एक करून टाकू. सरळ हिशोब." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं, आपला हिस्सा सगळ्यात छोटा, तेव्हा आपला नंबर शेवटीच लागणार.

खरं तर पहिला नंबर त्यांचाच होता.

मूळ गोष्ट : मिळालेल्याकडे नाही, राहिलेल्याकडे बघा

मुलांना तक्ता शिकवण्याआधी ही एक गोष्ट नीट सांगावी असं मला वाटतं. संस्था बंद होताना मालमत्तेचा जो रुपया वसूल होत नाही, तो तोटा असतो. तोटा भांडवलाच्या प्रमाणात नाही, तर नफा-तोट्याच्या प्रमाणात सोसायचा असतो. म्हणजे सगळा हिशोब संपल्यावर प्रत्येकाचं जे भांडवल परत न मिळता राहून जातं, तो त्याचा तोट्यातला वाटा. म्हणून शेवटी *न मिळालेल्या* रकमा ३:२:१ मध्ये असल्या पाहिजेत.

शेवटी तोटा किती होईल हे आज कोणालाच माहीत नाही. ते माहीत नसतानाही हिशोब बरोबर ठेवायचा एकच मार्ग आहे. तिघांची शिल्लक भांडवलं लवकरात लवकर ३:२:१ या प्रमाणात आणायची. एकदा ती त्या प्रमाणात आली की पुढचा प्रत्येक रुपया ३:२:१ मध्येच वाटायचा. मग वसुली कुठेही थांबली तरी राहिलेली रक्कम आपोआप योग्य प्रमाणातच असते.

तर ज्याचं भांडवल हिश्श्याच्या मानानं जास्त आहे, त्याचं ते जास्तीचं भांडवल आधी परत करायचं. 'अतिरिक्त भांडवल' म्हणजे हेच. ते भांडवलाच्या आकड्यावर ठरत नाही, हिश्श्याच्या तुलनेत ठरतं.

तक्ता, पायरी पायरीने

आधी राखीव निधी वाटून घेऊ, कारण तो भागीदारांचाच पैसा आहे. ६०,००० चे ३:२:१ केले की ३०,०००, २०,००० आणि १०,०००. आता भांडवलं झाली : थोरले ४,५०,०००, मधले ४,००,०००, धाकटे ३,००,०००. एकूण ११,५०,०००. मधल्यांचं कर्ज यात मिळवायचं नाही, त्याचा नंबर वेगळा आहे.

आता प्रत्येकाच्या भांडवलाला त्याच्या हिश्श्यानं भागू.

थोरले : ४,५०,००० ÷ ३ = १,५०,०००
मधले : ४,००,००० ÷ २ = २,००,०००
धाकटे : ३,००,००० ÷ १ = ३,००,०००

हे झालं एका हिश्श्यामागचं भांडवल. चित्र उलटलं ते बघा. ज्यांचं भांडवल सगळ्यात जास्त, त्या थोरल्यांनी एका हिश्श्यामागे सगळ्यात कमी पैसा लावला आहे. धाकट्यांनी एका हिश्श्यासाठी तीन लाख लावले आहेत.

सगळ्यात लहान उत्तर १,५०,०००, तोच पाया. त्या पायानं प्रमाणशीर भांडवल किती व्हायला हवं? थोरले ४,५०,०००, मधले ३,००,०००, धाकटे १,५०,०००. प्रत्यक्ष भांडवलातून हे वजा केलं की मधल्यांकडे १,००,००० आणि धाकट्यांकडे १,५०,००० अतिरिक्त निघतात. थोरल्यांकडे शून्य.

आता त्या दोघांपुरतंच पुन्हा तेच. त्यांचं आपसातलं प्रमाण २:१. मधले १,००,००० ÷ २ = ५०,०००, धाकटे १,५०,००० ÷ १ = १,५०,०००. लहान ५०,०००. त्या पायानं मधल्यांचे १,००,००० आणि धाकट्यांचे ५०,००० प्रमाणशीर ठरतात. धाकट्यांकडे १,००,००० तरीही जास्त राहतात. हे निव्वळ अतिरिक्त भांडवल.

तक्ता खालून वर वाचला की वाटपाचा क्रम मिळतो :

१. पहिले १,००,००० फक्त धाकट्यांना, म्हणजे वहिनींना.
२. पुढचे १,५०,००० मधले आणि धाकटे यांना २:१ मध्ये.
३. त्यानंतरचं सगळं तिघांना ३:२:१ मध्ये.

अर्थात हे सगळं बाहेरची देणी आणि मधल्यांचं कर्ज फिटल्यावर. हा क्रम पहिल्याच दिवशी कागदावर ठरतो. मालमत्तेचे किती पैसे येतील हे तेव्हा माहीत असावं लागत नाही. भांडणं टाळायला हीच गोष्ट कामी येते, कारण पैसा समोर येण्याआधीच सगळ्यांनी क्रम मान्य केलेला असतो.

वर्षभरात काय झालं

हातात रोख ३०,००० होती. त्यातले २०,००० विक्री-वसुलीच्या खर्चासाठी बाजूला ठेवले. गाडीचं पेट्रोल, हमाली, नोटिसा, असे खर्च होणारच. उरलेले १०,००० वितरकांना गेले.

पहिला हप्ता जूनमध्ये आला. पेरणीच्या तोंडावर माल, काटा आणि रॅक मिळून २,१०,००० ला गेले. वहीत त्यांची किंमत ४,८०,००० होती. बियाण्याला मुदत असते आणि दुकान बंद होतंय हे गावात माहीत झालं की भाव पडतो. त्यातून वितरकांचे राहिलेले १,९०,००० दिले आणि मधल्यांना कर्जापोटी २०,०००.

दुसरा हप्ता पोळ्याच्या आसपास, पिकअप विकून १,७०,०००. मधल्यांचं राहिलेलं ४०,००० कर्ज फिटलं. उरले १,३०,०००. त्यातले १,००,००० वहिनींना. उरलेल्या ३०,००० चे २:१, म्हणजे मधल्यांना २०,००० आणि वहिनींना १०,०००. थोरल्यांना या हप्त्यात काही नाही.

तिसरा हप्ता दिवाळीनंतर, सोयाबीनच्या पैशातून फिटलेली उधारी ३,००,०००. दुसऱ्या टप्प्याचे राहिलेले १,२०,००० आधी : मधले ८०,०००, वहिनी ४०,०००. उरलेले १,८०,००० तिघांत : थोरले ९०,०००, मधले ६०,०००, वहिनी ३०,०००.

चौथा हप्ता एप्रिलमध्ये, हळदीवाल्यांची उधारी १,२०,०००. खर्च प्रत्यक्षात १४,००० च झाला होता, म्हणून राखून ठेवलेल्यातले ६,००० मोकळे झाले. एकूण १,२६,००० : थोरले ६३,०००, मधले ४२,०००, वहिनी २१,०००. उरलेली २,६०,००० उधारी आली नाही.

आता ताळा बघू. थोरल्यांना मिळाले १,५३,०००, मधल्यांना भांडवलापोटी २,०२,००० आणि वहिनींना २,०१,०००. राहिले किती? थोरले २,९७,०००, मधले १,९८,०००, वहिनी ९९,०००. बरोबर ३:२:१. बेरीज ५,९४,०००. मालमत्तेवरचा तोटा ५,८०,००० अधिक खर्च १४,०००, तोही ५,९४,०००. परीक्षेत मुलांनी हा ताळा करून बघितला तर उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणाला विचारावं लागत नाही.

सरळ ३:२:१ केलं असतं तर?

मधल्यांचा प्रस्ताव वरवर न्याय्य वाटतो, म्हणून वर्गात तो नक्की तपासून दाखवावा. पिकअपचे १,३०,००० त्यांनी सरळ वाटले असते, तर थोरल्यांना ६५,०००, मधल्यांना सुमारे ४३,३३३ आणि वहिनींना सुमारे २१,६६७ मिळाले असते.

समजा पुढे पाऊस दगा देतो आणि उधारीतला एक रुपयाही येत नाही. तेव्हा तोटा ११,५०,००० वजा १,३०,०००, म्हणजे १०,२०,०००. थोरल्यांचा वाटा त्याच्या निम्मा, ५,१०,०००. त्यांचं भांडवल ४,५०,०००. म्हणजे त्यांना काही मिळायला तर नकोच, उलट त्यांनीच ६०,००० आणायला हवेत. त्यात घेतलेले ६५,००० परत करायचे. एकूण १,२५,०००.

ते पैसे कुठून आणतील? तोवर ते बोअरला नाहीतर हळदीच्या बेण्याला लागलेले असतात. थोरल्यांची दानत वाईट आहे असं मी म्हणत नाही. हातात आलेला पैसा शेतकऱ्याच्या घरात थांबत नाही, एवढंच. आणि परत मागायला जायचं कोणी? तर वहिनींनी, दोन मुलं घेऊन. अतिरिक्त भांडवल पद्धतीचा सगळा अर्थ इथे आहे : कोणालाही दिलेला पैसा परत मागायची वेळ येऊ नये.

हा हिशोब थोरल्यांना मांडून दाखवला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पैसा लावला यानं, आणि हिस्सा होता माझ्या बसण्याचा." मी पाऊण तास जे सांगत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पुढे सगळ्या हप्त्यांना सही करायला ते स्वतः येत गेले.

पद्धतीची मर्यादा

वरच्या 'उधारी बुडाली' या उदाहरणात थोरल्यांची ६०,००० ची तूट मधले आणि वहिनींनी २:१ मध्ये सोसली, तर मधल्यांना २०,००० आणि वहिनींना १,१०,००० उरतात. आपल्या तक्त्यानं दुसऱ्या हप्त्याला नेमकं हेच वाटप दिलं होतं. म्हणजे प्रत्येक हप्ता हाच शेवटचा असं धरून, तूट बाकीच्यांवर *नफ्याच्या प्रमाणात* टाकायची, हे या पद्धतीत आधीच गृहीत आहे.

पण भागीदार खरोखर नादार झाला, तर १९०४ च्या गार्नर विरुद्ध मरे या इंग्लंडमधल्या खटल्याचा नियम वेगळं सांगतो. तो म्हणतो, तूट बाकीच्यांनी *भांडवलाच्या प्रमाणात* सोसावी. इथे ते ४:३ झालं असतं आणि मधल्यांना २०,००० ऐवजी सुमारे २५,७१४ मिळाले असते. म्हणून प्रश्नात नादारीचा आणि या नियमाचा उल्लेख असेल, तर हा तक्ता लावू नये, कमाल तोटा पद्धतीनं सोडवावं.

उत्तरपत्रिकेत चूक कुठे होते

सगळ्यात जास्त चुका पाया निवडताना होतात. मुलं सगळ्यात लहान *भांडवल* पाया धरतात, सगळ्यात लहान *भागाकार* नाही. आपल्या गणितात धाकट्यांचे ३,००,००० पाया धरले, तर थोरल्यांचं प्रमाणशीर भांडवल ९,००,००० येतं आणि अतिरिक्त उणे ४,५०,०००. अतिरिक्त भांडवल उणे येऊ शकत नाही. उणे चिन्ह दिसलं की तिथेच थांबायचं आणि पाया बदलायचा, एवढं मुलांच्या मनावर बिंबवलं तरी अर्धे गुण वाचतात.

दुसरी चूक राखीव निधी किंवा चालू खात्याची शिल्लक भांडवलात न मिळवता भागाकार करण्याची. तिची पंचाईत अशी की गणित तरीही सुटत जातं, क्रमही बऱ्याचदा बरोबर दिसतो, फक्त शेवटच्या राहिलेल्या रकमांची बेरीज एकूण तोट्याशी जुळत नाही. म्हणून तो ताळा सक्तीचा करावा.

शेवटी वर्गासाठी एक सराव. आकडे हेच ठेवा : ४,५०,०००, ४,००,००० आणि ३,००,०००. फक्त नफा-तोट्याचं प्रमाण समान करा. मुलांना आधी अंदाज विचारा, पहिला पैसा कोणाला? मग सोडवायला लावा. आता पाया धाकट्यांचा येतो. पहिले ५०,००० एकट्या थोरल्यांना, पुढचे २,००,००० थोरले आणि मधले यांना समान, आणि त्यानंतरचं तिघांना समान. भांडवलातला एक रुपयाही न बदलता रांग पूर्ण उलटी झाली. ती का उलटली, हे ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल त्याला तक्ता पाठ करायची गरज नाही.